गळू पिकू द्यायचं की चीर द्यायची?

प्रश्न: "जांघेत शेव्ह केल्यावर एक केस आत वळला आणि तिथे गळू आलं. आज पाचवा दिवस. तीन दिवस अँटिबायोटिक घेतोय, लाली थोडी कमी वाटते, पण गाठ मोठीच होतेय आणि रात्री झोप लागत नाही. पिकून आपोआप फुटायची वाट बघू की डॉक्टरकडून चीर देऊन घेऊ? घरी सुईने फोडलं तर चालेल का?"

मी जनरल सर्जन आहे आणि गळवं उघडणं हे माझं नेहमीचं काम आहे. पण गळू न बघता त्याबद्दल शंभर टक्के खात्रीने कुणीच बोलू शकत नाही. ते किती खोल आहे, नेमकं कुठे आहे, तुम्हाला मधुमेह आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. तरीही तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात: लाली उतरली पण गाठ वाढली, आणि झोप उडाली. त्या का महत्त्वाच्या, ते आधी सांगतो.

चीर द्यायची की नाही हे गळवाच्या आकारावरून किंवा लालीवरून ठरत नाही. आत पूची बंदिस्त पोकळी तयार झाली आहे का, एवढ्यावरच ते ठरतं. कापलेला केस वाकडा वाढून पुन्हा त्वचेत शिरला की शरीर त्याला काट्यासारखं परकं समजतं आणि तिथे लाल पुळी येते. पुष्कळदा तिच्यात जंतू नसतातही. पण ती खाजवली, पिळली, किंवा तिच्यावरून पुन्हा ब्लेड फिरवलं की त्वचेवर आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू केसाच्या मुळाशी उतरतो. मग केसतोड होतं. पहिले दोन-तीन दिवस ती जागा नुसती सुजलेली असते. सूज पेशींच्या मधल्या जागेत भिनलेली असते, पाण्याने गच्च भिजलेल्या स्पंजासारखी, म्हणून हाताला कडक लागते. तिथे चीर दिली तर बाहेर काय येणार? रक्त, बाकी काही नाही.

पुढे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मरतात, मधली चरबी आणि ऊती विरघळतात आणि त्यांचा पू होतो. शरीर त्याच्याभोवती भिंत उभारतं, म्हणजे जंतू पसरू नयेत. ही भिंत आणि आतला पू मिळून जे होतं, तेच चीर मागणारं गळू. इथून दोन वाटा फुटतात. पू वर सरकला तर त्वचा पातळ होते, पिवळट तोंड दिसतं आणि गळू स्वतःच वाहतं. पण जांघेत, काखेत, पार्श्वभागावर चरबी जाड असते. तिथे पूला वर यायला वेळ लागतो आणि तोवर तो आतल्या आत बाजूंना जागा करत राहतो. वरून इवलंसं दिसणारं गळू आत लिंबाएवढं निघालेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

पू साठलाय हे ओळखायचं कसं? पहिली खूण दुखण्याची जात. नुसती सूज असते तेव्हा हात लावला की दुखतं. बंद जागेत पू साठला की दाब वाढतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका मारतो. न हलताही ठसठसतं, रात्री जास्त. आमचे वरिष्ठ शिकवायचे की दुखण्याने एक रात्र जागवली तर आत पू आहे असं धरून चाला. हा काही पक्का पुरावा नाही, पण त्याने मला क्वचितच फसवलंय.

दुसरी खूण हाताची. एका हाताची दोन बोटं गाठीच्या दोन कडांवर हलकेच टेकवायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मधोमध दाबायचं. आत द्रव असेल तर कडेची बोटं उचलल्यासारखी होतात, कारण द्रव दाब सगळीकडे सारखा पोचवतो. मग बोटं काटकोनात फिरवून पुन्हा तसंच बघायचं. स्नायूसुद्धा एका दिशेने तपासला तर द्रवासारखा हलतो, म्हणून दोन्ही दिशांनी तपासणी लागते. मधला भाग आधी निबर होता आणि आता लिबलिबीत लागतोय, हा बदल तुम्हालाही कळू शकेल. मात्र एकदाच आणि हलक्या हाताने बघा. दर तासाला दाबून पाहणारे लोक स्वतःच गळू पसरवतात. पू खोल असेल तर ही खूण मिळतच नाही आणि गाठ कडकच लागते. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगी पडते. गाठीत नुसती सूज आहे की पोकळी, पोकळी किती मोठी, तिच्याजवळून रक्तवाहिनी जाते का, हे काही मिनिटांत दिसतं.

घाईने चीर दिली तर काय होतं हेही सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. नवा असताना एका रुग्णाच्या काखेतलं गळू मी दुसऱ्याच दिवशी उघडलं. तो वेदनेने कळवळत होता आणि मला त्याला लवकर मोकळं करायचं होतं. आत पू नव्हताच. रक्त आलं, दुखणं वाढलं, आणि चार दिवसांनी त्याच जखमेशेजारी खरा पू साठल्यावर त्याला दुसऱ्यांदा चीर सोसावी लागली. तेव्हापासून गाठ कडक असेल, ताप नसेल आणि शंका असेल, तर मी सोनोग्राफी करतो किंवा एक-दोन दिवसांनी परत बोलावतो. ते दोन दिवस शेक द्यायचा: स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. छोटं, वरवरचं गळू याने बऱ्याचदा तोंड धरून वाहतं आणि बरं होतं.

आता अँटिबायोटिकबद्दल. औषध रक्तातून जातं आणि पूच्या पोकळीत रक्तवाहिन्याच नसतात. भिंतीतून जे थोडं झिरपतं ते आतल्या आम्लात आणि जंतूंच्या गर्दीत कमी पडतं. शिवाय आतले जंतू फारसे वाढत नसतात आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच जोमाने काम करतात. याउलट गळवाभोवतीच्या लाल त्वचेत रक्त भरपूर असतं, म्हणून तिथे औषध छान पोचतं. लाली उतरते, ताप उतरतो, आपल्याला वाटतं बरं होतंय. मधली गाठ मात्र तशीच राहते किंवा वाढते. तुमचं वर्णन नेमकं या चित्राशी जुळतं. असंच गोळ्या बदलत दोन-तीन आठवडे ढकलले तर भिंत जाड होऊन एक टणक, कमी दुखणारी गाठ उरते. तिला आम्ही अँटिबायोमा म्हणतो. ती ना धड जिरते, ना धड फुटते, आणि उघडायलाही जास्त त्रास देते.

याचा अर्थ औषध निरुपयोगी असा नाही. २०१६ आणि २०१७ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांत गळू उघडल्यानंतर काहींना अँटिबायोटिक आणि काहींना बिनऔषधाची गोळी दिली होती. २०१७ च्या अभ्यासात गळवं ५ सेंटिमीटरपर्यंतची होती. त्यात नुसत्या चिरेवर सुमारे ६९ टक्के रुग्ण बरे झाले आणि सोबत औषध घेणारे ८२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मुख्य काम चीर करते आणि औषध तिला हात देतं. नुसत्या औषधाने साठलेला पू निघून जाईल ही आशा मात्र धरू नये.

एक उदाहरण तपशिलात सांगतो. तुमच्यासारखंच होतं. पस्तिशीतला एक ड्रायव्हर, दिवसभर बसून काम. जांघेत शेव्ह केल्यावर दुसऱ्या दिवशी पुळी, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. गाठ साधारण दीड सेंटिमीटर, कडक, मध्ये मऊपणा नाही, ताप नाही. मी लालीच्या कडेने पेनाने रेघ काढून दिली, शेक सांगितला, आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. रेघेपलीकडे लाली गेली किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याआधीच ये, असंही बजावलं. तो आला सहाव्या दिवशी, मधल्या काळात कुणीतरी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन. लाली रेघेच्या आत होती आणि फिकटही झाली होती. पण गाठ चार सेंटिमीटरची, चालताना पाय फाकवून टाकत होता, आणि दोन रात्री झोपला नव्हता. मध्ये बोटाला जेमतेम मऊ लागत होतं. जांघेतून पायाची मोठी धमनी जाते, म्हणून तिथली कुठलीही गाठ मी सोनोग्राफीशिवाय उघडत नाही. क्वचित गळवासारखी दिसणारी गाठ ही फुगलेली धमनी असू शकते किंवा उतरलेला हर्निया. सोनोग्राफीत ३ बाय २ सेंटिमीटरची पोकळी दिसली, मध्ये एक पडदा, धमनी पुरेशी लांब.

भूल जागेवरच दिली. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. सुजलेल्या जागेतल्या आम्लामुळे लिग्नोकेनचं इंजेक्शन नेहमीसारखं चढत नाही, आणि ताणलेल्या त्वचेत टोचताना ते झोंबतंही. म्हणून मी गाठीच्या मध्यावर न टोचता सभोवताली गोलाकार भूल देतो आणि पाच मिनिटं थांबतो. चिरेचं दुखत नाही, पण आत साफ करताना दाब जाणवतो, तो थोडा वेळ सोसावा लागतो. त्वचेच्या घडीला समांतर सुमारे दोन सेंटिमीटरची चीर दिली. पू आला सहा-सात मिलीलीटर, दाट, आणि रुग्णाने मोठा श्वास सोडला. दाब सुटला की आराम तिथल्या तिथे पडतो.

पण नुसती चीर देऊन काम संपत नाही. बोथट चिमटा आत घालून मधला पडदा मोडला, कारण तो राहिला असता तर मागचा कप्पा तसाच भरलेला राहिला असता. मग सलाइनने पोकळी धुतली. धुताना वळलेला केस बाहेर आला. तो आत राहता तर गळू पुन्हा झालं असतं. थोडा पू कल्चरला पाठवला, म्हणजे गरज पडल्यास औषध अंदाजाने न देता जंतू बघून देता येतं. जखमेला टाका घातला नाही. ती तळापासून भरत वर यायला हवी. वरची त्वचा आधी मिटली की आत पुन्हा पू साठतो. म्हणून चिरेचं तोंड उघडं राहावं एवढ्यासाठी गॉजची पातळ वात सैलसर ठेवली. पूर्वी आम्ही पोकळी गॉजने ठासून भरायचो. लहान गळवात त्याने फायदा फारसा होत नाही आणि ड्रेसिंग बदलताना रुग्णाचे हाल होतात, म्हणून मी ते सोडलंय.

त्याच वेळी बोटातून साखर तपासली, ती २८६ निघाली. त्याला मधुमेह आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. गळवासाठी आलेल्या प्रत्येकाची साखर मी बघतो ती यासाठीच. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम रेंगाळते. दुसऱ्या दिवशी वात काढली. मग रोज आंघोळीत जखमेवरून स्वच्छ पाणी सोडायचं आणि कोरडं ड्रेसिंग लावायचं, एवढंच. साखरेची औषधं सुरू झाली आणि अडीच आठवड्यांत जखम भरली.

आता सुईबद्दल, आणि इथे मी स्पष्टच बोलतो: करू नका. दाट पू सुईच्या भोकातून येत नाही, येतो तो वरचा पातळ भाग. भोक काही तासांत मिटतं. पडदे तसेच राहतात. मग माणूस पिळतो, आणि पिळल्यावर पू जिथे भिंत कच्ची आहे तिथून सुटतो, म्हणजे बऱ्याचदा खाली, चरबीत. अगदी सोनोग्राफीखाली डॉक्टरांनी सुईने पू ओढला तरी अशी गळवं चिरेपेक्षा जास्त वेळा परत भरतात. घरी तर आत काय आहे हेच दिसत नाही, आणि जांघेत ती धमनी आहेच. केसाचा वेटोळा पुळीच्या वर उघड्यावर दिसत असेल आणि गाठ नसेल, तर निर्जंतुक चिमट्याने तो अलगद सोडवायला हरकत नाही. तुमची वेळ ती नाही. गळू आपोआप फुटलं तर मात्र पू वाहू द्या, वर स्वच्छ कापड ठेवा, आणि दाखवायला जाच. दोन दिवसांनीही खाली गाठ लागत असेल तर आत कप्पा शिल्लक आहे असं समजा.

काही वेळा पिकायची वाट बघणंच चुकीचं असतं. १००.४ अंशांच्या वर ताप, थंडी वाजणं, धडधड, किंवा लालीची रेघ तासागणिक पुढे सरकणं, यापैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. दुखणं गाठीच्या मानाने खूपच जास्त असेल, त्वचा जांभळी किंवा काळपट पडत असेल, पाण्याचे फोड येत असतील किंवा दाबल्यावर त्वचेखाली चुरचुर जाणवत असेल, तर तासाभराचाही उशीर नको. तो संसर्ग त्वचेखालच्या थरांतून वेगाने पसरतो आणि जांघेच्या, जननेंद्रियाच्या भागात, त्यातही मधुमेह असणाऱ्यांत, जीवावर बेततो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं गळू कधीही पिळू नये, तिथल्या शिरांतून संसर्ग डोळ्यांमागे आणि मेंदूकडे जाऊ शकतो. गुदद्वाराजवळचं, स्तनातलं किंवा हाताच्या बोटातलं गळू साध्या खोलीत बसून उघडायचं नसतं. तान्ही मुलं, गरोदर स्त्रिया, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी घेणारे आणि मधुमेही यांनी लहान गळूही लवकर दाखवावं.

हेच पुन्हा पुन्हा होत असेल, दोन्ही जांघांत किंवा काखांत आलटून पालटून गाठी येत असतील, वण आणि काळे ठिपके राहत असतील, तर तो केसाचा साधा प्रश्न नाही. हायड्राडेनायटिस नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात प्रत्येक गाठीला चीर देत बसून उपयोग नसतो, त्वचारोगतज्ज्ञांकडे दीर्घ उपचार लागतात. एकाच वेळचं गळू असेल तर ते पूर्ण भरेपर्यंत तिथे ब्लेड फिरवू नका, आणि नंतरही त्वचेला न घासणारा ट्रिमर वापरा.

तर तुम्ही काय करावं? पाचवा दिवस, औषधावर असूनही वाढणारी गाठ आणि उडालेली झोप, एवढ्यावर मी आणखी वाट बघणार नाही. आज किंवा फार तर उद्या सर्जनला दाखवा. मधला भाग मऊ नसेल तर ते सोनोग्राफी सांगतील, आणि पोकळी नसल्याचं निघालं तर चीर टळेलही. जाताना तीन गोष्टी न विसरता सांगा: कुठलं अँटिबायोटिक किती दिवस घेतलं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आणि पूर्वी कधी भुलेच्या इंजेक्शनचा किंवा कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का. चालू असलेलं अँटिबायोटिक स्वतःहून बंद करू नका, त्याचं पाकीटच सोबत न्या. सैल कपडे घालून जा आणि परत आणायला कुणाला तरी बरोबर घ्या, कारण भूल उतरल्यावर पहिले दोन-तीन तास गाडी चालवताना जांघेतली जखम चांगलीच दुखते.